साठ हजारांच्या ट्रकवर बासष्ट हजारांचा कर

धुळ्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचा खर्च साठ हजार. नव्या कंपनीने पावत्या तपासून तो पूर्ण दिला. त्यामुळे आयकर वाढला 62,400 रुपयांनी.

नाही, छपाईची चूक नाही.

गणित पुढे मांडतोच. पण त्याआधी हा कर लागतो कसा, आणि तो भरायचा कुणी, हे बघू. कारण ऑफर लेटर हातात आलं की घरातले सगळे पगाराचा आकडा वाचतात. त्याखालची ओळ वाचतो तो फक्त टीडीएस कापणारा.

ती ओळ साधारण अशी असते: 'रिलोकेशनचा खर्च प्रत्यक्ष पावत्यांनुसार, कमाल मर्यादा 60,000 रुपये, लागू करांच्या अधीन.' जळगावच्या पाइप कारखान्यातून चाकणला निघालेला इंजिनिअर असो की शिरपूरहून हिंजवडीला निघालेली पोरगी, ओळ तीच. पहिल्या अर्ध्या भागावर पेढे वाटले जातात. दुसऱ्या अर्ध्या भागाचा हिशोब मार्चमध्ये होतो.

घरातला एखादा काका मात्र नेमकं विचारतो: "काय भो, पैसे तूच खर्च केले, तेच तुला परत भेटले. यात कमाई कुठं झाली?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्यांना कुणी एचआरमध्ये घेत नाही.

कायद्याचं म्हणणं वेगळं. जे देणं तुम्ही द्यायचं होतं ते मालकाने भागवलं, तर ती रक्कम तुमच्या पगारातच धरायची. 1961च्या आयकर कायद्याचं कलम 17(2) हेच सांगतं. ट्रकवाल्याला पैसे कुणी द्यायचे होते? तुम्ही. अखेर कुणी दिले? कंपनीने. झाली तुमची मिळकत. पैसे तुमच्या खिशात दोन दिवसही टिकले नाहीत, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

(1 एप्रिल 2026पासून 2025चा नवा आयकर कायदा. त्यात कलमांचे आकडे बदलले. इथले आकडे जुन्या कायद्यातले, कारण सीए मंडळींच्या तोंडी अजून तेच आहेत.)

मग एखादा हुशार सुचवतो की रुजू व्हायच्या आधीच पैसे घेऊन टाकू. तेव्हा आपण कंपनीचे नोकरच नसू, मग तो पगार कसा?

सरकारला हे 2001मध्येच सुचलं होतं. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने कलम 17(3)मध्ये भर घातली. नोकरीला लागण्याआधी त्या मालकाकडून मिळालेली रक्कमही पगाराच्या बदल्यातला लाभ मानायची. तुमची पळवाट तुमच्या आधी तिथे पोचलेली असते.

आता खरी गंमत. हाच ट्रक, हाच रस्ता, हीच भांडी, आणि कर शून्य, असंही होतं.

कधी? तुमच्याच कंपनीने तुम्हाला जळगावच्या प्लांटमधून पुण्याच्या ऑफिसात बदलून पाठवलं तर. बदलीच्या प्रवासाचा, सामान बांधण्याचा आणि नेण्याचा जो खर्च प्रत्यक्ष झाला, तेवढा भत्ता कलम 10(14) आणि नियम 2 बीबीखाली करमुक्त आहे. नव्या करप्रणालीने घरभाडं, एलटीए वगैरे सवलतींवर नांगर फिरवला. ही मात्र जून 2020च्या अधिसूचनेने वाचवली. बदली झाली म्हणून हॉटेलात ठेवलं, तर एकूण पंधरा दिवसांपर्यंतचा तो मुक्कामही लाभ म्हणून मोजत नाहीत.

म्हणजे साहेबाने पाठवलं तर करमुक्त. स्वतःच्या हिमतीवर गेलात तर करपात्र.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जाऊन बघा. केंद्र सरकारी नोकराची दुसऱ्या गावी बदली झाली, तर सातव्या वेतन आयोगानंतर साधारणपणे मूळ पगाराच्या 80 टक्के इतकं एकरकमी बदली अनुदान मिळतं. सामानाच्या वाहतुकीचे पैसे वेगळे. पण हाच माणूस पहिल्या नेमणुकीला रुजू व्हायला आला, तेव्हा सरकारी नियमांनीही सहसा प्रवासभत्ता दिला नव्हता. रुजू होणाऱ्याने आपल्या खर्चाने यावं, हा सरकारचा जुना बाणा आहे. आयकरवाल्यांनी तो फक्त खासगी नोकरीला लावला.

जगात सगळीकडे असंच आहे का? ब्रिटनमध्ये नाही. तिथे नव्या नोकरीसाठी घर हलवलं तरी अटींत बसणारा खर्च 8,000 पौंडांपर्यंत करमुक्त. हा आकडा 1993पासून तसाच आहे, म्हणजे महागाईने तो निम्म्याहून जास्त खाल्ला. पण निदान खायला काहीतरी आहे.

अमेरिकेत उलटा प्रवास झाला. 2017पर्यंत नोकरीसाठीच्या स्थलांतराचा खर्च मालकाने दिला तर अटींनुसार तो करमुक्त होता. 2018पासून ही सवलत स्थगित झाली. 2025च्या कायद्याने सैनिकांसारखे मोजके अपवाद सोडून ती कायमची बंद झाली. सवलत गेल्यावर तिथल्या कंपन्यांपुढे प्रश्न आला: कराचा भार कुणी उचलायचा? त्याचं उत्तर म्हणजे ग्रॉस-अप. तुमच्या हातात ठरलेली रक्कम पडावी म्हणून कंपनीने कराएवढे पैसे वर घालायचे.

आपल्याकडे हा शब्द पोचला. पैसे वाटेत अडकले.

काही सीए म्हणतील, बदली म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात कुठे आहे? गाव बदललं, कामाचं ठिकाण बदललं, मग रुजू होणं हीसुद्धा बदलीच. वाद घालण्यासारखा मुद्दा आहे. पण टीडीएस कापायची जबाबदारी कंपनीची. तिने कापला नाही आणि पुढे खात्याने तो करपात्र ठरवला, तर महिन्याला एक टक्का व्याज तिच्या माथी. तुमच्या ट्रकसाठी कंपनी ही जोखीम का घेईल? ती कापून मोकळी होते. तुम्ही विवरणपत्रात सूट मागू शकता. नोटीस आली तर उत्तरही तुम्हीच द्यायचं.

वाद सीएचा, तारीख तुमची.

आता मूळ प्रश्न. असा कर लागत असेल, तर कंपनीने ग्रॉस-अप करून दिलंच पाहिजे का?

नाही.

एका ओळीत उत्तर संपलं, पण सदर संपत नाही. कारण कायद्यात ग्रॉस-अप आहे. कलम 195ए वाचा. ते म्हणतं, करार किंवा व्यवस्थेनुसार देणाऱ्यानेच कर सोसायचा असेल, तर रक्कम इतकी वाढवून धरा की कर वजा जाता ठरलेली निव्वळ रक्कम उरेल. म्हणजे वचन दिलं असेल तर गणित पूर्ण करा. वचन द्या, असं हे कलम कुठेही म्हणत नाही.

तेव्हा सगळी मदार ऑफर लेटरवर. 'करांच्या अधीन' असं लिहिलं असेल, तर कर तुमचा. 'करवजा निव्वळ रक्कम' किंवा 'कर कंपनी सोसेल' असं लिहिलं असेल, तर कंपनीचा. आणि काहीच लिहिलं नसेल तर?

तुमचाच. न लिहिलेल्या ओळीचा फायदा आजवर नोकराला मिळालेला नाही.

"पण एचआरची मॅडम फोनवर म्हणाली होती, पूर्ण खर्च मिळेल." मिळालाच की. तिने खर्च म्हटलं होतं, कराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आणि फोनवरच्या गोड बोलण्यावर पेरोल चालत नाही.

समजा कंपनी उदार निघाली आणि ग्रॉस-अप करायला तयार झाली. तरी गणित बरोबर करेलच असं नाही. धरा, तुमचं वरचं उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहे. चार टक्के उपकर धरून दर झाला 20.8. साठ हजारांवर कर 12,480. कंपनी म्हणते, घ्या, हेही देतो. एकूण 72,480 रुपये.

टाळ्या वाजवायची घाई करू नका.

कंपनीने वर दिलेले 12,480 हीसुद्धा तुमची मिळकतच. आता कर पूर्ण 72,480वर लागणार, म्हणजे 15,076. हातात उरले 57,404. अडीच हजारांचं भोक राहिलंच. करावरही कर असतो, आणि अर्धवट ग्रॉस-अप करणाऱ्या कंपन्या नेमक्या तिथे थांबतात.

बरोबर रीत भागाकाराची आहे. हातात हवेत 60,000. प्रत्येक रुपयातले 20.8 पैसे जाणार, 79.2 उरणार. म्हणून 60,000 ÷ 0.792 = 75,758. एवढे दिले, की कर जाऊन बरोबर साठ हजार उरतात. उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर दर 31.2, आणि 60,000 ÷ 0.688 = 87,209. सातवीच्या मुलाला जमणारं गणित आहे. कंपनीत ते पॉलिसी म्हणून तीन समित्यांपुढे जातं.

आता ते बासष्ट हजार.

2025-26 या आर्थिक वर्षातला एक तरुण घ्या. सप्टेंबरअखेर धुळ्यात नोकरी, 1 ऑक्टोबरपासून पुण्यात. दोन्ही ठिकाणचा मिळून वर्षाचा करपात्र पगार 12,75,000. दुसरं उत्पन्न नाही, नवी करप्रणाली. प्रमाणित वजावट 75,000 गेली, उरले बरोबर 12 लाख. बारा लाखांपर्यंत कलम 87एची सवलत, म्हणून कर शून्य. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर ज्याचा फोटो फिरत होता, तो हाच मध्यमवर्गीय.

त्याचा खर्च असा: पॅकिंग, ट्रक आणि हमाली 38,000. मोटारसायकल वेगळी पाठवली, 6,000. बायको-पोरासह प्रवास 2,000. घर मिळेपर्यंत आठवडाभर लॉज, 14,000. एकूण 60,000. एक पैसा फालतू नाही. पापड-कुरडयांचे डबे त्याच्या आईने मांडीवर घेऊन बसमधून नेले, त्याचं बिलही लावलं नाही.

कंपनीने साठ हजार ऑक्टोबरच्या पगारात दिले. उत्पन्न झालं 12,60,000. बारा लाखांची रेघ ओलांडली, सवलत गेली. टप्प्यांनुसार कर येतो 69,000. मग कायदा दया दाखवतो: कर हा बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त नसावा. वरची रक्कम 60,000. म्हणून कर 60,000.

म्हणजे दिलेला पै न् पै सरकारने घेतला. आणि या दयेला म्हणतात सीमांत सवलत.

पण चार टक्के उपकर राहिलाच की. तो 60,000वर, म्हणजे 2,400. बेरीज 62,400. कंपनीने एक रुपयाही दिला नसता, तर आपला गडी 2,400 रुपयांनी श्रीमंत असता.

फुकटचा ट्रक घेतला म्हणून दंड, असं कुणी म्हणू नका. तो शिक्षण आणि आरोग्याचा उपकर आहे.

पेरोलवाला मग हे 62,400 उरलेल्या सहा महिन्यांत विभागतो. महिन्याला 10,400. पगाराच्या चिठ्ठीवर ट्रकच्या ओळीसमोर पूर्ण साठ हजारच दिसतात, कपात दिसते ती वेगळ्या कोपऱ्यात, टीडीएस म्हणून. दोन्हींचा संबंध बिचाऱ्याला लागतच नाही. तो समजतो पुण्यात कर जास्त आहे.

हे सुद्धा कधी? त्याने धुळ्याच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला फॉर्म 12बी भरून दिली असेल तर. दिली नसेल, तर नव्या पेरोलला फक्त सहा महिन्यांचा पगार दिसतो. सहा-सात लाखांवर कर शून्य, कपात शून्य, आनंदीआनंद. हा आनंद जुलैपर्यंत टिकतो. विवरणपत्र भरताना दोन्ही फॉर्म 16 शेजारी ठेवले, की 62,400 एकदम समोर. वर आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज.

या तरुणाला ग्रॉस-अप करून द्यायचं ठरवलं तर? साध्या भागाकाराने जमत नाही, कारण 12,70,588च्या आसपास सीमांत सवलत संपेपर्यंत प्रत्येक जादा रुपयावर 104 पैसे कर आहे. तिथून पुढे 15.6 टक्के. हा खड्डा ओलांडून हातात साठ हजार पडायला कंपनीला द्यावे लागतील 1,45,024 रुपये. त्यातले 85,024 सरकारला, 60,000 ट्रकला.

ट्रक धुळ्याहून पुण्याला गेला. कर दिल्लीपर्यंत गेला आणि भाडंही त्यानेच जास्त घेतलं.

एवढे कोण देणार? कुणी नाही. म्हणूनच ग्रॉस-अपचं वचन देणाऱ्या कंपन्याही आपल्या पॉलिसीत सरसकट एकच दर धरतात. खड्ड्यात कोण आहे, हे तपासायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तो तुम्ही काढायचा. वर्षाचं करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आसपास येतंय का, हे रुजू होण्याआधी कागदावर मांडा. पाच मिनिटं लागतात. पेढे आणायला याहून जास्त वेळ जातो.

मार्ग आहेत का? आहेत, थोडे वाकडे.

पहिला: कंपनीने पैसे न देता स्वतःच पॅकर्स-मूव्हर्स ठरवावेत, बिल कंपनीच्या नावाने. मग तो रोख नसलेला लाभ ठरतो. त्यावरचा कर कंपनी स्वखुशीने भरू शकते आणि तो भरलेला कर कलम 10(10सीसी)खाली तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. करावरचा कर इथे सुटतो. पण दोन फटी आहेत. कंपनीला हा कर स्वतःच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे तिचा हिशोबनीस नाक मुरडतो. आणि कंपनी हा कर सरासरी दराने मोजते. वर सांगितल्यासारखा तुम्ही खड्ड्यात असाल, तर सरासरी दर पाच टक्क्यांनाही पुरा पोचत नाही. मधला फरक तुमच्या दारात.

दुसरा: नव्या कंपनीला सांगायचं, माझ्या ठरलेल्या पगारातले साठ हजार एनपीएसमध्ये मालकाचा हिस्सा म्हणून भरा. नव्या करप्रणालीत मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतचा मालकाचा हिस्सा वजा मिळतो. पुण्याच्या सहा महिन्यांचा मूळ पगार तेवढा हवा, म्हणजे निदान 4,28,600च्या पुढे. तेवढा नसेल तर पूर्ण साठ हजार बसत नाहीत, आणि उरलेल्या प्रत्येक रुपयावर तेच 104 पैसे. बसले, तर उत्पन्न पुन्हा बारा लाखांवर आणि कर शून्य.

फक्त हे पैसे बहुतांशी बरीच वर्षं अडकतात. ट्रकचं भाडं आज, परतफेड कैक वर्षांनी.

तिसरा: कंपनीला विचारायचं की हे पैसे एप्रिलमध्ये द्याल का. पुढच्या वर्षी पगार पूर्ण बारा महिन्यांचा आणि बारा लाखांच्या बराच वर असेल, तर खड्डा टळतो. 15 किंवा 20 टक्के लागतील, 104 नाही. ट्रकवाला मात्र एप्रिलपर्यंत थांबत नाही.

आता एक गोष्ट जी कुणी विचारत नाही. नोकरी सोडताना काय?

ऑफर लेटरमध्ये आणखी एक ओळ असते. बारा महिन्यांच्या आत गेलात तर रिलोकेशनची रक्कम परत करा. कोणती रक्कम? तुम्हाला 20.8 टक्के कर जाऊन 47,520 मिळाले. कंपनी मागते 60,000. तिच्या वहीत साठच गेलेत, तिचंही चूक नाही. मधले 12,480 सरकारकडे आहेत.

आणि सरकार म्हणतं, आम्हाला कुणी सांगितलं?

त्याच आर्थिक वर्षात सोडलं, तर पेरोलला सांगून पगार तेवढा कमी धरून घेता येतो. करही त्या हिशोबाने उतरतो. 31 मार्च ओलांडला, की गेलेल्या वर्षाचा फॉर्म 16 दगडावरची रेघ. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने 2017मध्ये नोटीस-पगाराच्या वसुलीच्या प्रकरणात कापलेली रक्कम करातून सोडली होती. तो निकाल नोटीस-पगाराचा, तुमचा ट्रकचा. शिवाय बारा हजारांसाठी न्यायाधिकरणात कोण जातं? वकिलाची फी तुमच्या करापेक्षा जास्त.

म्हणून सही करण्याआधी त्या ओळीत दोन शब्द घालून घ्या: 'करवजा रक्कम'. परत करायचं तर मिळालं तेवढंच. एचआर म्हणेल, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. असू दे. स्टँडर्ड फॉरमॅट तुमच्या नावानिशी आला आहे, त्यात दोन शब्द मावतात.

आणि पावत्यांचं काय? ही तर वरकडी आहे. बदली असेल तर पावत्या हव्यातच, त्यांच्यावरच सूट अवलंबून. ट्रकवाल्याची बिल्टी, पॅकर्सचं जीएसटी बिल, तिकिटं, सगळं जपून ठेवा. वहीच्या पानावर हिरव्या शाईत लिहिलेलं 'मिळाले 38,000' हे बिल नव्हे. पण रुजू होताना मिळणाऱ्या पैशांवर कर लागणारच असेल, तर कंपनीला एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? पावती दाखवूनही कर, न दाखवूनही कर. मग सरळ एकरकमीच द्या ना.

उत्तर ठरलेलं: 'ऑडिटला लागतात.' म्हणजे ऑडिटसाठी तो खर्च आहे आणि कर कापताना तो पगार आहे. एकाच ट्रकची दोन जन्मदाखल्यांवर नोंद.

गंमत अशी की या घोळावरचा उपाय अर्ध्या पानाचा आहे. नियम 2 बीबीमध्ये बदलीच्या शेजारी 'नव्या नोकरीला रुजू होण्यासाठीचं स्थलांतर' एवढे शब्द बसवायचे, वर एक कमाल मर्यादा, ब्रिटनसारखी. सरकारचं फार नुकसान होणार नाही. पण मोर्चा कुणी काढायचा? कांद्याला संघटना आहे, केळीला संघटना आहे. सामान बांधून निघालेल्याची संघटना होत नाही, तो पोचेपर्यंत दुसऱ्या मतदारसंघात गेलेला असतो.

तोवर कामाची गोष्ट एवढीच. फॉर्म 16चा भाग ब उघडा. कलम 17(1), 17(2), 17(3)समोरचे आकडे बघा. त्यांच्या बेरजेत ट्रकचे पैसे शिरलेत का, हे पगाराच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघा. बदली असूनही शिरले असतील, तर कंपनीकडून दुरुस्त करून घ्या किंवा विवरणपत्रात सूट मागा. नवी नोकरी असेल आणि ग्रॉस-अपचं वचन लेखी असेल, तर भागाकार करून बघा, गुणाकार नाही. अडीच हजारांचं भोक तिथेच सापडतं.

आणि वचन लेखी नसेल, तर भांडायची वेळ एकच आहे. ऑफर आल्यापासून होकार कळवेपर्यंत. त्या आठ-दहा दिवसांत कंपनीला तुमची गरज असते, एचआर दिवसातून दोनदा फोन करते, मॅनेजर 'फॅमिली'बद्दल विचारतो. तेव्हाच विचारा: साठ हजार म्हणजे हातात किती?

रुजू झाल्यावर विचारलंत, तर उत्तर येईल पॉलिसीच्या पीडीएफमधून. सहीआधी तुम्ही उमेदवार असता. सहीनंतर नुसता पॅन नंबर.